अनुभव धागा: मुलाखती लांबल्या म्हणून गाईडकडे मुदतवाढ मागणारा मेल

मुलाखत देणाऱ्यांच्या वेळा जुळल्या नाहीत म्हणून प्रबंधाची मुदत वाढवून मागावी लागली, असं बऱ्याच जणांचं झालं असेल. मेलमध्ये काय लिहिलंत, काय उत्तर आलं, ते सांगा. सुरुवात मी करते.

माझा विषय रात्रपाळीच्या परिचारिकांचा. 18 मुलाखती ठरलेल्या, प्रबंध 30 मेपर्यंत द्यायचा. त्यांचं ड्युटीचं वेळापत्रक जेमतेम दोन आठवडे आधी लागायचं, आणि ठरलेली वेळ कुणाची तरी बदली ड्युटी आली की गेली. मेच्या सुरुवातीला मी मॅडमना लिहिलं, "काही अपरिहार्य कारणांमुळे काम लांबलं आहे, कृपया थोडी मुदत मिळावी." पुढे माफीचे चार परिच्छेद. उत्तर एका ओळीचं: "किती झाल्या, किती राहिल्या, आणि थोडी म्हणजे किती?"

राग आला, पण प्रश्न बरोबर होता. 9 मेला पुन्हा लिहिलं:

"मॅडम, 18 पैकी 11 मुलाखती झाल्या असून त्या सगळ्या उतरवून त्यांचं कोडिंगही झालं आहे. आणखी चौघींच्या वेळा नक्की आहेत: 24 मे, 27 मे, 2 जून आणि 4 जून. उरलेल्या तिघींना दोनदा विचारलं, उत्तर नाही. त्यांना आता सोडते. चार मुलाखती उतरवून 9 जूनपर्यंत होतील, निष्कर्षाची दोन प्रकरणं त्यानंतर. म्हणून 20 जूनपर्यंत मुदत हवी आहे. जूनमधल्या दोन हुकल्या तर 13 वर थांबेन आणि तसं मर्यादांमध्ये लिहीन. पहिली दोन प्रकरणं सोबत जोडली आहेत."

त्याच संध्याकाळी होकार आला. माझ्या मते काम केलं ते "हुकल्या तर" या वाक्याने. 4 जूनची खरंच हुकली. पण परवानगी पुन्हा मागावी लागली नाही, 14 वर थांबले.

खोडरबर: एवढी यातायात कशाला? 12 मुलाखती पुरतात असं संशोधनच आहे. तुमच्या 11 झाल्याच होत्या, एक घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

जुनी_वही: खोडरबर, तो 12 चा आकडा 2006 च्या एका अभ्यासातला. त्यांनी 60 मुलाखती घेतल्या आणि मागे वळून पाहिलं तेव्हा बहुतेक कोड पहिल्या 12 मध्येच येऊन गेलेले दिसले. पण तिथल्या स्त्रिया बऱ्याच एकसारख्या होत्या आणि प्रश्नही सगळ्यांना तेच. प्रस्तावात 18 लिहून 12 वर थांबायचं तर शेवटच्या तीन-चार मुलाखतींत नवा कोड आला नाही हे दाखवावं लागतं. मी काही वर्षं विद्यार्थ्यांचे असे मेल वाचते. तासाभराचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला चार ते सहा तास सहज जातात, आणि मुदत मागताना नेमकं हेच मोजायचं राहतं. मुलाखतीची शेवटची तारीख तीच प्रबंधाची तारीख धरतात, मग दुसरी मुदतवाढ मागायला येतात. आणखी एक: उशिराचं कारण सांगताना सहभागींची नावं, वॉर्ड मेलमध्ये घालू नका. संमतीपत्रात गोपनीयतेचा शब्द दिलेला असतो, तो गाईडच्या मेललाही लागू आहे.

शेवटचं_पान: माझ्याकडे उलटंच. मी वेळेवर होतो, सरच दोन महिने प्रकरण वाचेनात. त्यांच्याकडे त्यांच्याच उशिरासाठी मुदत कशी मागायची?

खोडरबर: तो वेगळा धागा काढा राव!

तिसरी_घंटा: माझी चूक लिहून ठेवते. मेलवर सरांचं "ठीक आहे, घ्या वेळ" आलं आणि मी निर्धास्त झाले. आमच्याकडे मुदत विभाग देतो, गाईड फक्त शिफारस करतो. फॉर्म भरलाच नव्हता. मूळ तारखेनंतर चार दिवसांनी कार्यालयातून फोन, आणि उशिरा दिल्याबद्दल गुण कापले. मेलच्या शेवटी "यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल का?" एवढं विचारलं असतं तर वाचले असते.

कोरा_कागद: वेळ वाचवायला मी प्रत्यक्ष भेटींऐवजी उरलेल्या मुलाखती फोनवर घेतल्या, आणि नंतर मुदत मागताना ते कळवलं. गाईडने विचारलं, एथिक्स कमिटीला सांगितलं होतं का? मंजुरी समोरासमोरच्या मुलाखतींची होती. बदल मंजूर व्हायला तीन आठवडे गेले, त्या चार मुलाखती वापरता येतील का हे अजून कमिटीपुढे आहे.

जुनी_वही: म्हणूनच "फोनवर घेऊ का" हे मेलमध्ये विचारायचं, घेऊन झाल्यावर कळवायचं नाही.

अर्धा_चहा: मुदत जास्तीची मागावी का? मला दहा दिवस पुरतील, पण वीस मागितले तर निदान पंधरा मिळतील.

तिसरी_घंटा: मी जास्तीचीच मागेन.

जुनी_वही: मी नाही. तारखांचा हिशेब मांडला असेल तर फुगवलेले दिवस लगेच दिसतात. पण माझे काही सहकारी म्हणतात, एकदाच भरपूर द्या, पुन्हा मेल नको.