मदत हवी आहे : भलत्याच वेळी येणारी मरणाची भीती

करडा_मोजा

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिलाच धागा काढतेय. वय ३८, एक मुलगी, तब्येत ठणठणीत.

गेल्या मंगळवारी धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसले होते. एक करडा मोजा हातात होता, दुसरा सापडत नव्हता. आणि काही संबंध नसताना एकदम मनात आलं, "मी मरणार. एक दिवस मी नसेनच." हे काय मला आधी माहीत नव्हतं? पण तेव्हा ते डोक्याला नाही, अंगाला कळलं. पोटात खड्डा पडला, हात गार, छाती धडधडायला लागली. पाच-सात मिनिटं मी तो मोजा घेऊन तशीच बसले होते.

असं दोनेक महिने चाललंय. दात घासताना, लिफ्टमध्ये, पण सगळ्यात जास्त रात्री, डोळा लागता लागता. घरात कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. म्हणून तर कळत नाही की हे आलं कुठून. कुणाला असं होतं का? काय करता?

फावला_वेळ

ताई, घाबरू नका, रिकामं मन म्हणजे हे व्हायचंच. विचार आला रे आला की झटकून टाकायचा, त्याला थाराच द्यायचा नाही. मी मोठ्याने पाढे म्हणतो, २९ चा पाढा, उलटा. आणि एकदा रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. माझ्या मेव्हणीला असंच व्हायचं, थायरॉइड निघालं. घरी यंत्र आणून रोज रक्तदाब बघत गेलात तर मनाला धीर राहील.

जुना_पंखा

वय ६७. बायपास झाल्याला चार वर्षं झाली. मरणाची भीती आम्हाला विचारा! खरं सांगू का, मला मरणाची नाही, अंथरुणाला खिळण्याची भीती वाटते. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कसली भीती? इच्छापत्र केलंय का? मी केलं आणि निम्मं ओझं उतरलं. नामनिर्देशनं सगळी तपासा, बँकेतली तर नक्कीच.

करडा_मोजा

काका, इच्छापत्राचं लक्षात ठेवते, पण माझा प्रश्न तो नाही हो. मागे काय राहील याची काळजी नाही ही. "नसणं" याचीच भीती आहे.

फावला_वेळ, थायरॉइड आणि ईसीजी दोन्ही महिन्याभरापूर्वी झालं, सगळं ठीक. पाढ्यांचा उपाय लिफ्टमध्ये चालला, रात्री मात्र उलटा झाला. पाढा म्हणतेय म्हणजे तो विचार जवळपास आहे, हेच आठवत राहिलं.

धुकं

समुपदेशनाच्या कामात चौदा वर्षं आहे. इथे कुणाची तपासणी करता येत नाही, पण एक प्रश्न विचारते. भीती कधी येते ते तुम्ही छान लिहिलंय. ती आल्यावर पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही नेमकं काय करता? लाज वाटेल असंही काही असेल तर लिहा.

करडा_मोजा

लाज वाटतेच. मानेला दोन बोटं लावून नाडी बघते. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, मग अजून बघते. मग मोबाइलवर "झोपेत हृदय बंद पडणं" वगैरे शोधते. तरीही नाही जमलं तर नवऱ्याला हलवून विचारते, "मला काही होणार नाही ना?" तो अर्धवट झोपेत "नाही गं" म्हणतो. त्याने दहा मिनिटं बरं वाटतं.

धुकं

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दहा मिनिटांतच आहे.

तुम्हाला एकाच वेळी दोन गोष्टी होतायत आणि त्या एकमेकींत गुंतल्यात. एक आहे विचार, "मी नसेन". तो खरा आहे, वाद घालून तो खोटा ठरणार नाही. दुसरी आहे शरीराची धोक्याची घंटा : धडधड, गार हात, पोटातला खड्डा. ही घंटा "आत्ता, या खोलीत धोका आहे" म्हणून वाजते. चाळीस वर्षांनंतरच्या गोष्टीसाठी ती वाजायचं कारण नाही, पण शरीराला काळाचा हिशोब कळत नाही. मग छाती का धडधडतेय म्हणून तुम्ही नाडी बघता, आणि "मी कधीतरी मरेन" याचं "मी आत्ता मरतेय" होऊन बसतं.

आत्ता हे वाचताना तोंडात जीभ कुठे टेकलीय तिकडे लक्ष द्या. दोन मिनिटं ती अडचणीची वाटेल. क्षणापूर्वी तुम्हाला ती जाणवतही नव्हती. नाडीचं तसंच होतं. एखादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर जरा मोठी फट पडते आणि पुढचा ठोका जोरात लागतो. धडधाकट माणसांनाही हे होतं, फक्त मानेवर बोटं नसतात म्हणून कळत नाही. डाव्या कुशीवर तर जास्तच जाणवतं.

नवऱ्याच्या "नाही गं"ने बरं वाटतं, आणि तिथेच गोम आहे. मेंदू त्यातून शिकतो की मी वाचले ते विचारल्यामुळे. पुढच्या वेळी घंटा वाजली की पुन्हा विचारावं लागतं. म्हणून घरी यंत्र आणून रोज रक्तदाब बघायला माझा विरोध आहे. एकदा तपासणं योग्यच होतं, ते झालंय.

फावला_वेळ, विचार झटकण्याबद्दल : वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा एक प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. झटकायचं म्हटलं की तो आलाय का हे मन सारखं तपासत बसतं. तुमचे पाढे चालतात कारण २९ चा उलटा पाढा खरंच अवघड आहे, लिफ्टपुरता पुरतो. रात्री तेवढी मेहनत केली तर झोप उडते.

आता करायचं काय. पुढच्या वेळी भीती आली की नाडी, मोबाइल, नवरा, तिन्ही बाजूला ठेवा. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. भीती शून्य ते दहा यात किती, ते लिहा. साधारण पाच मिनिटांनी पुन्हा लिहा, असं चारदा. श्वास मुद्दाम मोठा घेऊ नका, जोरजोरात श्वास घेतला तर चक्कर आणि मुंग्या वाढतात. भीती घालवायची नाहीये, ती आपोआप कुठवर चढते आणि कुठे उतरते ते बघायचंय. पहिल्या एक-दोन रात्री जास्त वाईट जातील, हे आधीच सांगून ठेवते.

जिने चढताना छातीत दुखलं, बेशुद्धी आली, किंवा घोरता घोरता गुदमरून जाग येत असेल, तर मात्र हा कागद नाही, डॉक्टर. आणि मरणाची भीती नसून मरावंसं वाटत असेल, तर ती गोष्टच वेगळी, ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

तर्कट

घंटेचं पटलं. पण मूळ विचाराचं काय? एपिक्युरस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सांगून गेलाय की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण असतं तेव्हा आपण नसतो. मग भ्यायचं कुणी?

करडा_मोजा, "नसणं" डोळ्यांपुढे आणता तेव्हा नेमकं काय दिसतं?

करडा_मोजा

काळोख. आणि मी त्यात एकटी, कायमची. हाक मारता येत नाही.

तर्कट

मग त्या काळोखात एकटी आहे ती कोण? तिला एकटं वाटतंय, म्हणजे ती जिवंत आहे. तुम्ही नसण्याला घाबरत नाही आहात, कोंडून घातलेल्या जिवंत बाईला घाबरताय. कल्पना करायची तर बघणारा लागतोच, तो आपण गुपचूप आत नेऊन बसवतो. तुमच्या जन्माआधीची शतकं आठवून बघा. तिथे काळोखही नव्हता.

जुना_पंखा

बोलायला ठीक आहे. पण बायको गेली तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. तिला आता काही कळत नाही, म्हणून तिचं काही गेलं नाही असं कसं? नात तिने बघितली नाही. हे जाणंच आहे की नाही?

तर्कट

काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. एपिक्युरसच्या युक्तिवादाने काळोखाची भीती जाते, जे हुकणार त्याचं दुःख जात नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला भीती म्हणावं का, मलाच शंका आहे.

करडा_मोजा

बारा दिवसांनी लिहितेय.

पहिल्या रात्री आठ, आठ, नऊ, आठ. चौथ्या आकड्यानंतर मी नवऱ्याला उठवलंच. दुसऱ्यांदा आली तेव्हा आठ, सात, पाच, तीन, आणि पुढे कागदावर नुसती रेघ ओढलेली दिसतेय, बहुतेक झोप लागली. मग चार दिवस काही नाही. काल दात घासताना आली, सहा. ब्रश तोंडातच ठेवून उभी राहिले. आधी आठवली ती जीभ, मग ती काळोखातली बाई, आणि जरासं हसू आलं. चूळ भरेपर्यंत दोनवर आली होती.

पण काकांनी लिहिलेलं डोक्यातून जात नाही. मुलीचं पुढचं काय काय मला दिसणार नाही, याने परवा दुपारी रडले. छाती धडधडली नाही, हात गार पडले नाहीत. नुसतं वाईट वाटलं. हे पण कागदावर लिहायचं का?

आणि नवरा म्हणतो, तू विचारलंस तर मी गप्प कसा बसू?

धुकं

परवाचं लिहू नका. त्याला आकडा लावायची गरज नाही. त्या दुपारी जमलं तर मुलीजवळ जाऊन बसा.

नवऱ्याला गप्प बसायला सांगू नका, ते क्रूर होईल. दिवसा, शांतपणे दोघांनी ठरवा की रात्री तुम्ही विचारलंत तर त्यांनी "काही होणार नाही" म्हणायचं नाही. "घंटा वाजतेय का? मी जागा आहे" एवढंच म्हणायचं. सोबत द्यायची, खात्री द्यायची नाही. महिन्याभरात आकडे पुन्हा वरच राहायला लागले किंवा तुम्ही झोपायला जाणंच टाळू लागलात, तर समोरासमोर कुणाला तरी भेटा. असे कागद घेऊन गेलात तर त्यांचंही काम सोपं होईल.

फावला_वेळ

पाढे मी तरी सोडणार नाही. मला चालतात.

जुना_पंखा

धुकं ताई, मलाही पहाटे तीनला जाग येते. इथे बोललो नव्हतो. हे आकडे रोज लिहायचे की आली तरच?

धुकं

काका, तुमची बायपास झालीय, तेव्हा तीनला जाग येते त्याबद्दल आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्यांनी ठीक म्हटलं की मग आकडे, तेही आली तरच. रोज लिहायला बसलात तर तिची वाट बघायला लागाल.