मदत हवी आहे: पेनड्राइव्हवरची सबटायटल्स पुढे पळतात

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ राहतो. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सबटायटल्सशिवाय त्यांना सिनेमा कळतच नाही. ॲपवर ती नव्हती, म्हणून आमच्याकडची फाइल आणि मराठी एसआरटी एकाच नावाने पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावली.

अक्षरं छान दिसतात. सुरुवातीला मेळही बसतो, पण दहाव्या मिनिटाला ओळी साधारण 25 सेकंद आधी येतात आणि तासाभराने जवळजवळ अडीच मिनिटं. रहस्य आधीच वाचून झालं की बाबा हिरमुसतात, मला फार वाईट वाटतं.

टीव्हीवर सबटायटल मागेपुढे सरकवता येतात, पण फरक वाढतच जातो, त्यामुळे एक जागा जुळवली की पुढची बिघडते. माझ्या मते एसआरटी 25 फ्रेमच्या प्रतीसाठी बनलीय आणि आपला व्हिडिओ 23.976 चा आहे.

Subtitle Edit मध्ये Change frame rate करताना 25 वरून 23.976 असंच द्यायचं ना? आणि सेव्ह करताना UTF-8 ठेवलं तर टीव्हीवर मराठी अक्षरांचे चौकोन होणार नाहीत ना? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, रविवारी बाबांना सिनेमा दाखवायचा आहे.