अनुभव धागा: लग्नपत्रिकेत आधी कुणाचं नाव?

कराडची_लेक
भाच्याच्या पत्रिकेचं प्रूफ काल कुटुंबाच्या ग्रुपवर आलं आणि दहा मिनिटांत दोन मावश्या ग्रुप सोडून गेल्या. म्हणून माळ्यावरची पेटी काढून माझीच पत्रिका शोधली. १९९६ ची. मी कराडची, सासर बडोद्याचं गुजराती.

आमच्याकडे निमंत्रक थोरले काका. खर्च बाबांचा, पण घरातला मोठा पुरुष तो निमंत्रक, यात चर्चाच नाही. खाली चुलते वयाप्रमाणे, मग मामांची एक ओळ. आजीचं नाव कुठेच नव्हतं. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि शुभकार्याच्या कागदावर तिचं नाव नको हे काका बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं होतं.

मग बडोद्याहून कंकोत्रीचा मसुदा आला. त्यात वरच्याच ओळीत नवऱ्याची आजी, नावामागे ‘गं. स्व.’. आपल्या ‘गं. भा.’चंच भावंड. शिवाय मोसाळ म्हणजे आजोळच्या मंडळींची वेगळी चौकट, दोन्ही मामा-मामी जोडीनं. आईनं तो कागद काकांसमोर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "त्यांची आजी चालते, आपली का नाही?"

दोन दिवस अबोला. शेवटी ‘श्रीमती अमुक यांची नात’ अशी ओळ आली, निमंत्रक काकाच राहिले. पत्रिका छापून आल्यावर आजीनं चष्मा लावून नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "माझं बारीक का छापलंय? आडनाव तर एकच आहे."

तुमच्याकडे काय झालं ते लिहा.

सुमन_ताई
आजी भारीच!! पत्रिकेत फक्त ‘मामा’ एवढ्यावर भागवलं म्हणून आमच्या मामांनी अंतरपाटामागे उभं राहायला नकार दिलेला. शेवटी भटजींनी समजूत काढली. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

छापखाना_मिरज
बावीस वर्षं पत्रिका छापतोय, म्हणून थोडं लांबण लावतो. भांडणं निम्मी यामुळे होतात की लोक दोन वेगळ्या जागा एकच समजतात. ‘यांचे चिरंजीव’, ‘यांची नात’ ही ओळख आहे. तिथे कै. नाव चालतं, आजी चालते. ‘निमंत्रक’ म्हणजे दारात उभा राहून या म्हणणारा, तिथे हयात माणूसच हवा. वडील नसतील तर लोक निमंत्रकातसुद्धा कै. घालायला सांगतात, मग मी विचारतो, स्वागताला कोण येणार?

मागच्या हंगामातली गोष्ट. मुलगा आमच्याकडचा, वडील वारलेले, आई आणि चुलते. मुलगी हुबळीकडची, तिचे आजोबा हयात, आणि त्यांच्याकडे पहिलं नाव आजोबांचंच. दोघांना एकच पत्रिका हवी होती. मी दोन्हीकडच्यांना एकत्र बसवलं आणि वयं विचारली नाहीत. वयावरून चुलत-सावत्र निघतं आणि तास जातो. मी विचारलं, कोण कोणाच्या पाया पडतं ते सांगा. पाच मिनिटांत क्रम लागला.

मजकूर असा झाला: वर दोन्ही कुलदैवतं शेजारी-शेजारी, खाली डाव्या अंगाला वर, उजव्या अंगाला वधू, दोघांच्या नावाखाली ज्याच्या त्याच्या घरची ओळखीची ओळ. तिच्याकडे आजोबा आधी, त्याच्याकडे ‘कै. वडील व श्रीमती आई’. निमंत्रकात त्याची आई आधी, मग चुलते. चुलत्यांना ते खटकलं, पण आईनं प्रूफवर सही केली. नियम माझा एकच, दोन्हीकडून एकेकच माणूस सही करणार. नाहीतर रात्री बारा वाजता आत्या फोन करून जावयाचं नाव घालायला सांगते.

आणखी एक, सगळ्यांना खूश करायला पस्तीस नावं घातली की अक्षर इतकं बारीक होतं की ज्यांच्यासाठी घातली त्या म्हाताऱ्यांनाच वाचता येत नाही.

नाना_फडताळ
एक महत्त्वाचं राहिलं. मॅरेज सर्टिफिकेटला पत्रिका जोडावी लागते. त्यामुळे वराच्या वडिलांचं नाव आधी असणं कायद्यानं गरजेचं आहे.

वकीलबाई_नागपूर
नाना, अर्धं बरोबर. नोंदणीला पत्रिका मागतात, पण नावं, तारीख आणि ठिकाण जुळतंय का ते बघायला. वर कोण, खाली कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पत्रिका छापलीच नसेल तर प्रतिज्ञापत्र देतात. फक्त पत्रिकेत ‘बंड्या’ आणि आधारवर ‘भालचंद्र’ असं करू नका.

नाना_फडताळ
ते ठीक, पण रीत म्हणून म्हणतोय.

शिरोळकर
विधवा आजीवरून आठवलं. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं वगैरे. पत्रिकेचं त्यात काही होतं असं मला आठवत नाही, पण त्यानंतर आमच्या वाड्यात पहिल्यांदा काकूचं नाव निमंत्रकात आलं. गं. भा. नाही, श्रीमती. चुलता अजून म्हणतो, "पत्रिका आहे का ठराव?"

पिंपरी_चिंचवडकर
तुमच्याकडे निदान घरचीच नावं! आमच्या गावच्या पत्रिकेत आमदार, जिल्हा परिषद सदस्य, दोन माजी सरपंच फोटोसकट. नवरीचं नाव शोधायला भिंग लागतं. माजी सरपंचांत आधीचा माजी वर का नंतरचा माजी, यावरून माझ्या लग्नात वडिलांनी पत्रिका दोनदा छापल्या. शंभराची एक थप्पी अजून वाण्याकडे पुड्या बांधायला जाते.

स्नेहल_दुबई
प्रश्न. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, तर रिसेप्शनच्या पत्रिकेवर कुठलं घालू?

कराडची_लेक
स्नेहल, तो वेगळा धागा होईल गं :) पण जे पासपोर्टवर आहे तेच घाल.

मुक्ता_ठाणे
माझ्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला आहे. वाढवलं आईनं आणि मामानं. होणाऱ्या सासरचे म्हणतात, वडिलांचं नाव नसेल तर त्यांच्या नातेवाइकांत प्रश्न उठतील. बाबा लग्नाला येतील, पण निमंत्रक म्हणून नको असं आई म्हणते. छापखानावाले काका, काय करू?

छापखाना_मिरज
मुक्ता, ओळखीच्या ओळीत दोघांची नावं, ‘व’ न घालता वेगवेगळ्या ओळींत. निमंत्रकात आई आणि मामा. असं तीन वेळा छापलंय.

सुमन_ताई
आईला विचार आधी. ओळखीतही नको म्हणाली तर नाही घालायचं. सासरच्यांचे प्रश्न सासरचे बघतील.

वकीलबाई_नागपूर
सुमनताई, इतकं सोपं नसतं. मुलीला त्याच घरात राहायचंय. पण हो, आई आधी.

मुक्ता_ठाणे
आईनं वाचलं हे सगळं. म्हणाली, मामाचं नाव वर आणि माझं खाली असेल तर मी येत नाही 😄 म्हणजे आता आईचं आधी.

चिंगी_२०
माझा सहभाग फक्त शेवटी असायचा: ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ किलबिल: चिंगी, बाळू, सोनू, पिंटू. त्यातही बाळू माझ्याआधी, कारण मुलगा. मी सात वर्षांची होते, अजून विसरले नाही.

कराडची_लेक
चिंगी, आमच्या कंकोत्रीवर त्याला टहुको म्हणतात, त्यातही पहिला मुलगाच होता बघ.
दोघी मावश्या परत ग्रुपवर आल्या. भाच्यानं दोघींना निमंत्रकात घातलं, आता काका गेलेत ग्रुपमधून.

सुमन_ताई
हाहा. काका येतील. पेटीत डांबराच्या गोळ्या घालतेस का गं? माझ्या पत्रिकेला वाळवीनं अर्धा मुहूर्त खाल्लाय.