मदत हवी आहे: १० किमी धावस्पर्धेचं मुख्य प्रायोजकत्व घ्यावं का? मागितलेली रक्कम योग्य आहे हे कसं ठरवायचं?

सांधेमित्र

नमस्कार. माझं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र आहे, मी धरून तीन थेरपिस्ट. जवळच होणाऱ्या १० किमी स्पर्धेच्या आयोजकांनी आम्हाला मुख्य प्रायोजक होण्याबद्दल विचारलंय. नेमका आकडा इथे लिहीत नाही, त्यांनी मागितलेली रक्कम १०० धरा. त्या मोबदल्यात शेवटच्या रेषेवरच्या कमानीवर नाव, टी-शर्टवर लोगो, सहा बॅनर, एक स्टॉल आणि बक्षीस समारंभात मंचावर बोलावणं. पत्रकात "१५०० धावपटू" असं लिहिलंय.

मनापासून करावंसं वाटतंय, कारण पळणारी माणसं हेच आमचे पेशंट. पण वर्षाचा जाहिरातीचा जवळपास सगळा पैसा यातच जाईल. रक्कम जास्त आहे का, त्या दिवशी नक्की काय करायचं आणि नंतर फायदा झाला की नाही हे कसं कळणार, या तिन्ही गोष्टींवर मार्गदर्शन हवंय.

फलकवाला

सोपा हिशोब सांगतो. तेवढेच सहा बॅनर आणि एक कमान तुम्ही स्वतः भाड्याने लावली असती तर किती खर्च आला असता ते काढा. ती रक्कम १०० च्या आसपास येत असेल तर डोळे झाकून घ्या. शिवाय टी-शर्ट लोक वर्षभर घालतात, ते वेगळंच.

पायपीट

फलकवाला, भाड्याची तुलना घासाघीस करताना उपयोगी पडते, हे मान्य. पण त्यातून बॅनरची किंमत कळते, सांधेमित्रांना त्याचा उपयोग किती ते कळत नाही. पळणाऱ्याची नजर रस्त्यावर आणि घड्याळावर असते. टी-शर्टच्या पाठीवर नऊ लोगो असतील तर दहावा कोणी वाचत नाही.

सांधेमित्र, मी बरीच वर्षं प्रायोजक आणि आयोजक अशा दोन्ही बाजूंनी हे व्यवहार केलेत. आधी तीन आकडे सांगा. मागच्या वर्षी नोंदणी किती, छातीवर लावायचे क्रमांकाचे बिब प्रत्यक्ष किती जणांनी नेले आणि शर्यत पूर्ण किती जणांनी केली? तुमच्याकडे महिन्याला नवे पेशंट किती येतात? आणि एका नव्या पेशंटमागे, खर्च वजा जाता, त्याच १०० च्या मापात तुमच्या हातात किती उरतं?

सांधेमित्र

आयोजकांना विचारलं. नोंदणी १५००, बिब नेले १२४०, शर्यत पूर्ण केली ११३०. नवे पेशंट महिन्याला साधारण २५. एका पेशंटच्या पूर्ण उपचारांतून खर्च वजा जाता साधारण २ उरतात.

पायपीट

मग १५०० विसरा, तुमच्यासाठी १२४० खरे. आता खर्च बघा. १०० मध्ये फक्त नाव लावायचा हक्क मिळतो. त्या हक्काचं काहीतरी करायला, म्हणजे माणसं, टेबलं, छपाई, टेपिंगचं सामान आणि त्या दिवशी केंद्र बंद ठेवल्याचं नुकसान, निदान आणखी ६० धरा. एकूण १६०. एका पेशंटमागे २ उरतात, म्हणजे नुसती भरपाई व्हायला ८० नवे पेशंट हवेत. तुमच्याकडे ८० पेशंट यायला तीन महिन्यांपेक्षा जास्त लागतात. १२४० पैकी ८० म्हणजे दर पंधरा-सोळा माणसांमागे एक. एका सकाळच्या कामातून हे मला अशक्यच वाटतं.

मुख्य प्रायोजकत्व सोडा. सहप्रायोजकाचे ४० देऊ करा आणि वर ४० कामावर खर्च करा. मग ४० पेशंटांत भरपाई होते. तेही सोपं नाही, पण प्रयत्न करण्याइतकं जवळ आहे.

कमानीऐवजी दोन गोष्टी लेखी मागा. एक, बिब वाटपाच्या हॉलमध्ये, रांगेला लागूनच, टेबल. दुसरी, वेदना आणि उपचार या क्षेत्रात तुमच्याशिवाय दुसरा प्रायोजक नको. "दुसरं फिजिओथेरपी केंद्र नको" एवढंच लिहिलंत तर शेजारी मसाजवाला किंवा वेदनाशामक मलमवाला येऊन बसेल, आणि करार मोडला असं म्हणताही येणार नाही.

तालमास्तर

आम्ही नृत्याचा वार्षिक कार्यक्रम करतो. प्रायोजकच मिळत नाहीत. किती रक्कम मागावी?

पायपीट

तालमास्तर, तुमचा प्रश्न उलट बाजूचा आहे, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. तोवर एवढंच करा: मागच्या कार्यक्रमाला प्रत्यक्ष किती लोक आले ते आधी खरं मोजून ठेवा.

निळी_शाई

बिब वाटपाच्या टेबलाला माझं जोरदार अनुमोदन. आमचा स्टॉल एका स्पर्धेत शेवटच्या रेषेपलीकडे होता. पळून आलेल्या माणसाच्या एका हातात पदक, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, पाय थरथरतायत, नजर घरच्यांना शोधतेय. आमची माहितीपत्रकं तो घेणार कुठल्या हाताने? त्यातून ऐन वेळी आमच्यासमोर सामान ठेवण्याचा तंबू ठोकला. करारात स्टॉलची जागा नकाशावर दाखवलेली नव्हती, त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही. नकाशा जोडून घ्याच.

सांधेमित्र

हे फार मोलाचं आहे. बिबच्या रांगेत लोक स्वतःहूनच विचारतात, "गुडघा दुखतोय, उद्या पळू का?" तिथे प्रत्येकाची तीन मिनिटांची तपासणी करता येईल: एका पायावर उभं राहून टाचा उचलणं, एका पायावर हळूच अर्धं बसणं. कुठे गुडघा आत वळतो ते तिथल्या तिथे दाखवता येतं.

आणि सवलतीचं कार्ड शर्यतीच्या दिवसापुरतं ठेवणार नाही. स्नायूंचं साधं दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं. ज्याचं ओसरत नाही, त्याला आमची खरी गरज. म्हणून कार्ड तिसऱ्या दिवसापासून तीन आठवडे चालेल.

पण मोजायचं कसं? जितकी कार्डं परत आली तितके पेशंट स्पर्धेमुळे, असं धरू का?

पायपीट

नको. कार्ड आणणाऱ्यांत तुमचे जुने पेशंट असतील आणि तसेही येणार होते असे नवेही असतील. तुमच्या बाबतीत एक चांगली सोय आहे. कार्ड फक्त सम क्रमांकाच्या बिबच्या पाकिटात घाला. बिबचे क्रमांक नोंदणीच्या क्रमाने दिलेले असतील तर सम आणि विषम गटांत एरवी काही फरक नसतो. पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या पेशंटला बिब क्रमांक विचारा. समजा सम ३१ आले आणि विषम १२, तर कार्डाने आणलेले १९. क्रमांक आठवला नाही तर विचारून निकालाच्या यादीत नाव बघा. आयोजकांकडून सगळ्यांचे फोन नंबर मात्र मागू नका, धावपटूंनी ते तुमच्यासाठी दिलेले नाहीत.

फलकवाला

पण मग ते विषम १२ कुणामुळे आले? टेबल आणि लोगो तर सगळ्यांनीच पाहिला. आणि अर्ध्या लोकांना कार्डच नाही, हे नुकसानच ना?

पायपीट

दोन्ही मुद्दे बरोबर. या पद्धतीने फक्त कार्डाचा परिणाम कळतो, नाव डोळ्यांखालून गेल्याचा नाही. त्या १२ पैकी काही लोगोमुळे आले असतील, काही तसेही आले असते. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी तुलना केली तर अंदाज येईल, पण २५ च्या आसपासचा आकडा एरवीही चार-पाचने हलतो. अर्ध्या कार्डांचं नुकसान पहिल्या वर्षी सोसावं असं माझं मत आहे, पुढच्या वर्षी रक्कम ठरवताना हातात काहीतरी असेल.

निळी_शाई

मी सगळ्यांना कार्ड देईन. इतक्या लहान आकड्यांत सम-विषमचा फरक योगायोगानेही पडू शकतो.

सांधेमित्र

काल बोलणी झाली. ४० ऐवजी ४५ वर आले. बिबच्या रांगेजवळचं टेबल आणि नकाशा मान्य, मसाज आणि मलमही करारात वगळून घेतलं. बिब १००० च्या खाली गेले तर रक्कम कमी करा म्हटलं, त्याला ठाम नकार. शेवटचा हप्ता मात्र शर्यतीनंतर घ्यायला तयार आहेत. कार्ड सगळ्यांना की सम क्रमांकांनाच, हे अजून ठरत नाहीये. पाकिटं भरायला अजून तीन आठवडे आहेत, कुणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.