कोपर-गुडघ्यांचा काळेपणा: घासावे, लिंबू लावावे की लोशन?

रानवारा:
"कोपर आणि गुडघे काळे असतील तर अर्धे लिंबू साखरेत बुडवून दहा मिनिटे जोर लावून घासावे. मळ आणि मेलेली त्वचा निघून जाते आणि पंधरा दिवसांत रंग उरलेल्या हाताशी जुळतो. लोशनचे समर्थक महिनोन्महिने थांबायला सांगतात, ते कोणाच्या फायद्याचे आहे हे उघड आहे. मी स्वतः दोन वर्षे हेच करते आहे."

तिरपी रेघ:
पंधरा दिवसांत रंग जुळला असेल, तर पुढची दोन वर्षे घासत राहण्याची वेळ आपल्यावर का आली, एवढेच मला विचारायचे आहे. मी रागाने लिहीत आहे हे मला ठाऊक आहे, परंतु याच सल्ल्यापायी माझे एक वर्ष वाया गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

कोपराची त्वचा दिवसभर ताणली जाते, दुमडली जाते आणि टेबलाच्या कडेवर दाबली जाते. या दाबाला उत्तर म्हणून ती जाड होते, जसा पायाला घट्टा पडतो तशी, आणि जाड होताना तिच्यात रंगद्रव्यही वाढते. त्यामुळे आपण ज्याला मळ म्हणता तो बहुतेक वेळा मळ नसतो. दाब आणि घर्षण यांनी जे निर्माण केले, ते आणखी घर्षणाने कायमचे जाईल अशी अपेक्षाच चुकीची आहे. घासल्यावर वरचा थर निघतो, हात गुळगुळीत लागतो आणि आपल्याला वाटते की गुण आला. त्वचेला मात्र एवढेच कळते की येथे अजून जाड होण्याची गरज आहे.

मी आठ आठवडे दोन कोपरांवर दोन वेगळे उपाय केले. उजव्यावर आठवड्यातून तीनदा साखरेचे स्क्रब, डाव्यावर रोज रात्री दहा टक्के युरिया आणि लॅक्टिक ॲसिड असलेले लोशन. उजवे कोपर आंघोळीनंतर मऊ लागत असे आणि संध्याकाळपर्यंत स्वेटरच्या बाहीला पुन्हा अडकू लागे. डाव्याचा खरखरीतपणा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गेला. रंग मात्र तेव्हा तसूभरही बदलला नव्हता. सातव्या आठवड्यात तो किंचित फिका दिसू लागला. आज ते दंडाच्या रंगाचे नाही, पण उजव्यापेक्षा नक्कीच उजळ आहे.

रानवारा:
आपल्या लोशनमध्येही आम्लच आहे आणि लिंबातही आम्लच आहे. बाटलीत भरले की ते औषध आणि फळात असले की ते अज्ञान, हा न्याय मला मान्य नाही. दोन वर्षांचे म्हणाल, तर दात रोज घासावे लागतात म्हणून घासणे निरुपयोगी ठरत नाही.

औषधमात्रा:
मी अनेक वर्षे त्वचेची मलमे तयार करून देण्याचे काम केले आहे, म्हणून आम्लाच्या मुद्द्यावर थोडे लिहितो. रानवारा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सायट्रिक ॲसिड हे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक यांच्याच कुळातले आहे आणि मृत पेशींचा चिकटपणा सैल करण्याचा गुण त्यातही आहे. फरक आम्लतेत आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, निरोगी त्वचेचा साधारण पाच. चांगल्या लॅक्टिक लोशनमध्ये आम्लाचा काही भाग क्षाराने शमवलेला असतो, म्हणून त्याचा पीएच त्वचेच्या बराच जवळ राहतो आणि ते रात्रभर अंगावर ठेवता येते. रस तसा ठेवता येत नाही. त्यातच आपण आधी साखरेने घासता, म्हणजे सूक्ष्म ओरखडे पाडून त्यांवर तीव्र आम्ल ओतता. सावळ्या त्वचेत अशी प्रत्येक जळजळ मागे डाग ठेवू शकते. ज्या काळेपणासाठी हा खटाटोप, तोच त्यातून वाढतो.

युरियाचे काम वेगळे आहे. दहा टक्क्यांपर्यंत तो मुख्यतः पाणी धरून ठेवतो. त्यापुढे, वीस टक्क्यांच्या आसपास, जाड थर विरघळवण्याचा त्याचा गुण ठळक होतो. गुडघे फारच राठ असतील तर वीस टक्क्यांचा विचार करावा, पण भेगा पडल्या असतील तर आधी साध्या व्हॅसलीनने त्या भरू द्याव्यात, अन्यथा चांगलेच झोंबते.

सावलीची बाजू:
माझा प्रश्न मूळ विषयालाच आहे. कोपर काळे असले तर बिघडले काय? आधी चेहरा उजळ हवा होता, मग काखा, आता कोपर आणि गुडघे. शरीराचा प्रत्येक सांधा एकाच रंगाचा असावा हा आग्रह कोणी आपल्या डोक्यात भरवला, याचा विचार न करता आपण टक्केवारीवर भांडत आहात, याचे मला मनापासून दुःख होते. माझ्या बहिणीने गुडघ्यांच्या लाजेने शाळेत खेळणे सोडले होते.

तिरपी रेघ:
आपल्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटले आणि सांध्यांचा रंग थोडा गडद असणे स्वाभाविक आहे, हे मला मान्य आहे. परंतु माझी त्वचा तडकत होती आणि टेबलावर कोपर टेकले की दुखत होते. प्रत्येक तक्रारीला गोरेपणाचा हव्यास ठरवणे हाही अन्यायच आहे. मी गोरी होण्यासाठी येथे आलेले नाही.

हेमंतसंध्या:
लिंबाविषयी एक गोष्ट अजून कोणीच लिहिली नाही, म्हणून माझा अनुभव सांगतो. मी दुपारी कोपरांवर लिंबू चोळले, साल उलटी करून पिळली, हात वरवर धुतले आणि तासाभर उन्हात काम केले. त्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपरापासून मनगटाकडे एक लाल रेघ उठली, तिसऱ्या दिवशी तिच्यावर बारीक फोड आले. ती रेघ नेमकी रसाचा ओघळ उतरला त्या वाटेची होती, शेवटी थेंबासारखी फुगलेली. फोड आठवड्यात बसले, पण तपकिरी रेघ चार महिने राहिली. मी आधी ते किड्याचे विष समजलो.

रानवारा:
एवढ्या वर्षांत मला असे एकदाही झालेले नाही. आपल्याला लिंबाची ॲलर्जी असेल.

औषधमात्रा:
ही ॲलर्जी नाही, आणि हा गैरसमज फार त्रासदायक आहे. लिंबात, विशेषतः सालीच्या तेलात, सोरालेन वर्गातली द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडले की अतिनील किरणांमुळे त्या जागची त्वचा भाजते. यासाठी शरीराची पूर्वतयारी लागत नाही. पुरेसा रस आणि पुरेसे ऊन मिळाले तर कोणालाही होऊ शकते. ओळखण्याची खूण हेमंतसंध्या यांनीच सांगितली आहे: परिणाम एक-दोन दिवस उशिरा दिसतो, खाजेपेक्षा जळजळ जास्त असते आणि डागाचा आकार ओघळाचा किंवा बोटांच्या ठशांचा असतो.

रानवारा:
मी रात्रीच लावते आणि साबणाने धुते. मग आपला हा सगळा उन्हाचा मुद्दा माझ्या बाबतीत लागूच होत नाही.

औषधमात्रा:
रात्री लावून नीट धुतल्यास उन्हाची भीती बरीच कमी होते, हे मान्य करतो. परंतु आपण मूळ सल्ल्यात रात्र, साबण किंवा ऊन यांपैकी एक शब्दही लिहिला नव्हता. वाचणारा तेवढेच वाचून सकाळी लिंबू चोळणार आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बाहेर पडणार. मला राग त्याचा आहे.

रानवारा:
ती चूक माझी आहे आणि मूळ लेखनात मी ते जोडते. सुराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. येथे प्रत्येक जण मला गुन्हेगारासारखे बोलत आहे.

मोजपट्टी:
मला तिरपी रेघ यांच्या प्रयोगाविषयी विचारायचे आहे. आपण उजव्या हाताने माऊस धरत असाल, तर दिवसभर टेबलावर टेकते ते उजवे कोपर. म्हणजे ज्या कोपरावर दाब जास्त, त्यालाच स्क्रब मिळाले. मग गुण लोशनचा की दाब कमी असल्याचा, हे कसे ठरवणार? शिवाय नुसत्या व्हॅसलीनने किती फरक पडला असता, हे तर पाहिलेच नाही.

तिरपी रेघ:
उजव्याच हाताने धरते. हे माझ्या लक्षात आले नव्हते आणि आता आल्यावर चीड येते आहे, कारण आपले म्हणणे बरोबर आहे. खरखरीतपणा दोन आठवड्यांत गेला त्याचे श्रेय मी लोशनलाच देईन, कारण टेकण्याची सवय डाव्याचीही बदललेली नव्हती. रंगाबद्दलचा माझा दावा मात्र मी थोडा मागे घेते.

औषधमात्रा:
व्हॅसलीनचा प्रश्न योग्य आहे, कारण त्यातून एक सोपी परीक्षा निघते. कोरड्या कोपरावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून उजेडात पाहावे. जो राखाडी, भुरकट थर क्षणात नाहीसा होतो तो केवळ कोरडेपणा होता. त्यानंतर उरतो तो तपकिरी रंग खरा रंगद्रव्याचा, आणि कातडीवरच्या रेषा खोल व ठळक दिसत असतील तर त्वचा जाड झालेली आहे. पहिल्यासाठी कोणतेही साधे मलम पुरते. जाडीसाठी युरिया किंवा लॅक्टिक. रंग सर्वांत शेवटी हलतो, कारण वरचा थर पूर्ण बदलायलाच महिना-दीड महिना लागतो आणि खोलवर उतरलेले रंगद्रव्य त्या थराबरोबर निघत नाही.

लोशन आंघोळीनंतर अंग ओलसर असताना लावावे, सुरुवातीला एक दिवसाआड. पाचेक मिनिटे चुणचुणले तर चालते; दुसऱ्या दिवशीही लाली असेल तर थांबावे. त्याच दिवशी स्क्रब करू नये. आम्लाच्या लोशनने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून उघड्या कोपरांवर सनस्क्रीन लावावे. आणि टेबलाच्या कडेवर मऊ गादी ठेवावी; ती नसेल तर बाटली बदलत राहाल आणि कोपर तसेच राहील.

पाऊलखूण:
माझे कोपर काळे आहेत, पण मानेचा मागचा भाग आणि काखाही काळ्या झाल्या आहेत. मी वर्षभर कोठेही टेकून बसत नाही. तेथील त्वचा खरखरीत नाही, उलट मखमलीसारखी लागते. मी तेथेही वीस टक्के युरिया लावू का?

औषधमात्रा:
कृपया लावू नका, आणि मानेला स्क्रबही करू नका. मान आणि काखा मखमली होऊन काळवंडतात तेव्हा अनेकदा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसते. रक्तातील साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांना मान दाखवा. तेथे मूळ कारण आटोक्यात आले तरच रंग ओसरतो.

सावलीची बाजू:
या एका उत्तरासाठी तरी ही चर्चा वाचली याचे समाधान वाटले. माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे.

रानवारा:
मूळ लेखनात "रात्रीच लावावे, साबणाने धुवावे, उन्हात जाऊ नये" एवढे जोडले आहे. जोर लावून घासावे हे शब्द काढले आहेत. डाव्या कोपरावर आजपासून लोशन लावीन, उजव्यावर माझे लिंबूच राहील, आणि मी माऊस डाव्या हाताने धरते, त्यामुळे या वेळी दाबाचा फायदा लोशनला मिळणार नाही.

मोजपट्टी:
मग गादी दोन्ही कोपरांखाली ठेवा किंवा एकाही नको, आणि सुरुवातीचे छायाचित्र खिडकीच्या उजेडात, व्हॅसलीन न लावता काढा.