सोलरच्या व्हिडिओत "बिल शून्य" नको

बोंद्रे काका: ले-आऊटच्या सोलर व्हिडिओची स्क्रिप्ट वाचली. "महिन्याचं बिल शून्य" हे वाक्य आधी काढा. मागच्या मीटिंगमध्ये हेच सांगून कोटेशनं वाटली होती, विसरलो नाही मी.

नितीन भाऊ: काका, ते कोटेशन मी फक्त फॉरवर्ड केलं होतं. दरवेळी माझंच नाव काहून?

बोंद्रे काका: नाव घेतलंच नाही मी तुमचं.

मामीडवार काका: लाइट गेली की सोलरही बंद पडतं. हे स्क्रिप्टमध्ये घ्या.

रेवती (प्लॉट 11): काका, शून्य काढते. स्थिर आकार तर प्रत्येक महिन्याला येणारच. मी तुमच्याच बिलांवर नवीन हिशेब केलाय, चालेल ना? स्लॅबचे दर सोपे पडावे म्हणून गोल धरलेत: पहिल्या 100 युनिटला 6 रुपये, 300 पर्यंत 12, 500 पर्यंत 16, त्यावर 18. स्थिर आकार आणि कर वेगळे.

बोंद्रे काका: करा. लपवायचं काय त्यात.

रेवती: मे महिन्यात तुमचे 520 युनिट. बिल 6,560. 3 किलोवॅट बसवलं तर दिवसाला साधारण 12, महिन्याला 360 युनिट तयार होतात. उरले 160, त्याचं बिल 1,320. म्हणजे 5,240 वाचले.

शुभांगी काकू: बाप रे! मग भांडण कशाचं?

रेवती: काकू, डिसेंबर बघा. कूलर बंद, एसी बंद, वापर 140. एरवीचं बिलच 1,080. म्हणून वाचतात तेवढेच, जास्तीत जास्त 1,080. सोलर तयार करतं 330, आणि 190 युनिट महावितरणकडे जमा होतात.

नितीन भाऊ: जमा झाले ते मे महिन्यात वापरायचे. झालं की शून्य.

रेवती: तिथंच गडबड आहे, भाऊ. जमा युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण 31 मार्चला खातं बंद होतं. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, ते घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दरानं. आपल्याकडे कूलर जोरात चालतो एप्रिल-मे मध्ये. डिसेंबर ते फेब्रुवारी काकांचे साडेपाचशेच्या वर जमा होतील आणि नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर हातातून जातील.

मामीडवार काका: लाइट गेली की सोलरही बंद. कोणी वाचतंय का?

सेक्रेटरी: वाचलं काका. कृपया एकेक विषय घेऊ. आणि प्लॉट 9 समोर गाडी लावणाऱ्यांनी गाडी काढावी.

शुभांगी काकू: गाडी पाहुण्यांची आहे, जेवून निघतील. गाडीचं बोलताय, तर 9 वाल्यांच्या गुलमोहराचंही बोला, आमच्या गच्चीवर दुपारपासून सावली असते.

नितीन भाऊ: काकू, झाडाच्या सावलीत बसून व्हिडिओ काढू. मस्त थंड. 😄

रेवती: सावलीचं खरंच महत्त्वाचं आहे. मे मध्ये सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा गच्ची मोकळी दिसते. डिसेंबरमध्ये भर दुपारीही तो दक्षिणेला कललेला असतो, पाच फुटी टाकीची सावली उत्तरेकडे जवळपास पाच फूट पडते. एका पॅनेलवर पडली तरी त्याच ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घटू शकतं. जागा हिवाळ्यात बघून ठरवा.

बोंद्रे काका: ठीक. मग मी 3 घेऊ की नको?

रेवती: काका, 2 किलोवॅटचं करून पाहिलं. मे मध्ये 240 युनिट. ते वरच्या स्लॅबमधून कापले जातात: 18 चे 20, 16 चे 200, 12 चे 20. वाचले 3,800. तिसऱ्या किलोवॅटचे 120 युनिट 12 च्याच स्लॅबमधले, म्हणून त्यानं वाढले फक्त 1,440. डिसेंबरमध्ये 2 चंच उत्पादन 220, वापरापेक्षा जास्त. तिसरा त्या महिन्यात बिलात काही वाचवत नाही.

बोंद्रे काका: आणि सबसिडी?

रेवती: पीएम सूर्यघरमध्ये पहिल्या दोन किलोवॅटला 30,000 प्रत्येकी, तिसऱ्याला 18,000. तिथंही तिसरा स्वस्त पडत नाही. पण शुभांगी काकूंकडे वर्षभर एसी आणि शिलाईचं काम, त्यांना 3 बसेल.

शुभांगी काकू: शिलाई मशीन 4 आहेत बरं का.

मामीडवार काका: लाइट...

रेवती: काका, घेतलंय! "ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक लागेल. वीज चालूच हवी असेल तर बॅटरीवाला इन्व्हर्टर, खर्च वेगळा."

मामीडवार काका: हां. आता बरोबर.

बोंद्रे काका: शून्य काढलंस, मेहनत घेतलीस. आता माझी दोन्ही बिलं व्हिडिओत दाखव, नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून.

सेक्रेटरी: धन्यवाद. बाकीच्यांनी मे आणि डिसेंबरची बिलं रेवतीला वैयक्तिक पाठवा, ग्रुपवर नको. गाडी अजून तिथंच आहे.