मदत हवी आहे: करडईच्या तेलाचा दर लिटरला 20 रुपयांनी उतरवावा का?

घाणा_परभणी: आमच्या लाकडी घाण्यावरचे करडईचे तेल 300 रुपये लिटरने जाते. एक नवे दुकानदार म्हणतात की दर 280 केला तर ते महिन्याला 120 लिटर उचलतील. परवडेल का? दोन दिवसांत त्यांना कळवायचे आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

हिशेबनीस_लातूर: सध्याची विक्री किती आणि एका लिटरमागे प्रत्यक्ष खर्च किती, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

घाणा_परभणी: विक्री महिन्याला 400 लिटर. साडेतीन किलो करडईचे 210, बाटली आणि विजेचे 30, असे 240.

हिशेबनीस_लातूर: म्हणजे लिटरमागे 60 सुटतात, महिन्याचे 24,000. सरसकट 280 केल्यास 40 सुटतील आणि तेवढेच 24,000 हाती येण्यासाठी 600 लिटर विकावे लागेल. दर सात टक्केही उतरत नाही, पण विक्री मात्र दीडपट व्हावी लागते. 120 लिटरने भागत नाही.

बीडचा_उद्योजक: गाळ्याचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि मजुरी तर धरलेलीच नाही! ती घातली तर आताच फारसे काही सुटत नसेल, मग दर कशाला उतरवायचा?

हिशेबनीस_लातूर: भाडे आणि हप्ता 400 लिटर विकले काय नि 520 विकले काय, तेवढेच राहणार, म्हणून या निर्णयात ते धरू नयेत. मजुरीचा मुद्दा मात्र रास्त आहे. जादा तेल काढायला माणूस लागेल का? आणि पेंडीचे पैसे कुठे धरले आहेत?

घाणा_परभणी: पेंड गोठेवाले नेतात, लिटरमागे 40 रुपये येतात; तो हिशेब वेगळ्या वहीत असतो. संध्याकाळी घाणा चालवावा लागेल, त्या माणसाचे महिना 6,000.

हिशेबनीस_लातूर: मग सगळे गणित बदलते. आज 60 नव्हे, 100 सुटतात आणि 280 ला 80 सुटतील. जुन्या 400 लिटरवर 8,000 सोडावे लागतात, त्यात माणसाचे 6,000 मिळवून 80 ने भागले की 175 लिटर होतात. माणूस लागला नसता तर 100 लिटर पुरले असते.

जालना_किराणा: मी तूरडाळीचा दर उतरवला, तेव्हा शेजारच्या दुकानानेही उतरवला आणि वाढलेले गिऱ्हाईक परत गेले. पुन्हा दर चढवताना बोलणी खाल्ली ती वेगळीच.

बीडचा_उद्योजक: मग फक्त त्या दुकानदारालाच 280 ने द्या, घाण्यावर 300 कायम ठेवा.

हिशेबनीस_लातूर: हे चांगले. 120 लिटरचे 9,600 येतील, माणसाचे वजा जाता 3,600 उरतील. पण त्या 120 पैकी 36 लिटर आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांनी तिकडून घेतले, तर तेही संपतील. दुकान घाण्यापासून किती लांब आहे?

घाणा_परभणी: दोन गल्ल्या पलीकडे. ते स्वतः किती दराने विकणार, हे मी विचारलेले नाही. उद्या सकाळी विचारून इथे लिहितो.